पट्टीखालचा पट्टा : लो आणि फ्रंटच्या चार्टवरून उद्याचं हवामान कसं काढायचं

प्रश्न : सर, मेटिऑरॉलॉजीच्या स्लाइडवर उत्तर अटलांटिकचा एक साधा चार्ट दिलाय. वेळ ०६०० यूटीसी. ५५ उत्तर, २० पश्चिमला ९८४ चा लो, त्याला एक वॉर्म फ्रंट आणि एक कोल्ड फ्रंट, खाली दक्षिणेला हाय. अ, ब, क अशा तीन जागा दिल्यात आणि 'पुढील २४ तासांत प्रत्येक ठिकाणी काय होईल ते लिहा' असं विचारलंय. चिन्हं सगळी पाठ आहेत, पण चार्ट बघून पुढचं कसं सांगायचं तेच जमत नाही.

उत्तर :

चिन्हं पाठ आहेत म्हणतोस, तर तांबडे अर्धगोल आणि निळे त्रिकोण मी सोडून देतो. तुझी अडचण वेगळी आहे. तू चार्टकडे फोटो म्हणून बघतोयस. लो तिथे, फ्रंट तिथे, आपण इथे. पण ही सगळी नक्षी सरकत असते, आणि तिचा एक अरुंद पट्टा तुझ्या डोक्यावरून जाणार असतो. तो पट्टा कुठला आणि किती वेगाने येतोय, एवढं काढलंस की उत्तराचा बराचसा भाग झाला.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. आपण कोकणातली माणसं पावसाळा बघत वाढलेलो असतो. बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र येतं, पाऊस कोसळतो, पण पावसाआधीची हवा आणि नंतरची हवा साधारण तितकीच कोमट, तितकीच दमट. तिथे फ्रंट नसतो, कारण भांडायला दोन वेगळ्या हवा नसतात. उत्तर अटलांटिकच्या लो मध्ये त्या असतात. एका बाजूला ध्रुवाकडची कोरडी थंड हवा, दुसऱ्या बाजूला अझोर्सकडून आलेली दमट उबदार हवा, आणि दोघींच्या मधली सीमा म्हणजे फ्रंट. नॉर्वेत बर्गनला याकोब ब्यर्कनेस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१९ च्या सुमारास हे चित्र मांडलं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, म्हणून लढाईतल्या आघाडीचा शब्द त्यांनी उचलला. मराठीत 'आघाडी' म्हटलं की आपल्याला निवडणुका आठवतात, म्हणून मी फ्रंटच म्हणतो.

आता चार्टवर काम करू. पॅरलल रुलर नसेल तर साधी पट्टी चालेल, आणि एक डिव्हायडर घे.

आधी दोन फ्रंटच्या मधला भाग शोध, म्हणजे वॉर्म सेक्टर. तिथल्या समदाब रेषा बऱ्यापैकी सरळ असतात. तुझ्या चार्टवर त्या पश्चिम-नैऋत्येकडून पूर्व-ईशान्येकडे जाताहेत, साधारण २५० अंशांकडून ०७० कडे. जोवर वॉर्म सेक्टर उघडा आहे तोवर लो चं केंद्र याच रेषांना समांतर सरकतं. हा नियम जुना आहे. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा अंदाजाचं घर बरंचसं याच खांबावर उभं असायचं.

पट्टी त्या समदाब रेषांना समांतर ठेव आणि तशीच सरकवत ब या जागेवर आण. तुझा ब ५० उत्तर, ६ पश्चिमला आहे, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकापाशी, सिली बेटांच्या जवळ. आता ब पासून मागे, पश्चिम-नैऋत्येकडे, पट्टीच्या कडेखाली काय काय येतं ते क्रमाने वाच. आधी मोकळा भाग, मग वॉर्म फ्रंट, मग वॉर्म सेक्टर, मग कोल्ड फ्रंट, मग त्याच्या मागची थंड हवा. हेच, याच क्रमाने, ब वरून जाणार. लो चं केंद्र या पट्टीच्या बरंच उत्तरेला राहतं. म्हणजे ९८४ हा आकडा ब ला कधीच दिसणार नाही. अनेक मुलं उत्तरात 'दाब ९८४ पर्यंत उतरेल' असं लिहितात, ते का चूक आहे हे पट्टी ठेवली की आपोआप कळतं.

दुसरं काम वेगाचं. वॉर्म सेक्टरमधल्या दोन शेजारच्या समदाब रेषांमधलं अंतर काटकोनात मोज. चार्टवर या रेषा ४ हेक्टोपास्कलच्या फरकाने काढल्यात (जुने लोक मिलिबार म्हणतात, आकडा तोच). डिव्हायडर उचलून कडेच्या अक्षांशाच्या मापावर ठेव. त्याच अक्षांशाजवळ ठेवायचं, कारण असल्या चार्टवर वर-खाली माप बदलतं. रेखांशाच्या मापावर चुकूनही नको, कारण ५० अंशांवर रेखांशाचा एक अंश जेमतेम ३९ सागरी मैलांचा असतो, ६० चा नव्हे. तुझ्या चार्टवर हे अंतर दीड अंश भरतं, म्हणजे ९० मैल.

चार्टच्या कोपऱ्यात जिओस्ट्रॉफिक वाऱ्याचं माप छापलेलं असतं, त्यावरून वेग काढता येतो. ते नसेल तर ५० अंशांसाठी माझा एक हिशेब आहे :

```
वारा (नॉट) = 3000 ÷ अंतर (सागरी मैल)
```

९० मैलांना साधारण ३३ नॉट. रेषा ६० मैलांवर असत्या तर ५० नॉट, १५० मैलांवर असत्या तर २०. हे ४ हेक्टोपास्कलच्या रेषांसाठी. ४० अंशांवर उत्तर पाचव्या हिश्श्याने वाढव, ६० अंशांवर सुमारे दहाव्या हिश्श्याने कमी कर. रेषा तितक्याच अंतरावर असल्या तरी विषुववृत्ताकडे वारा जास्त निघतो, आणि फार खाली गेलास की हा हिशेब निकामी होतो. मुंबईच्या अक्षांशावर मी तो वापरणार नाही.

हे ३३ नॉट म्हणजे जमिनीच्या किंवा पाण्याच्या घर्षणापासून वरच्या मोकळ्या हवेतला वारा. समुद्रावर डेकला त्याचे सुमारे ७० टक्के मिळतात, म्हणजे २३ नॉट, फोर्स ६. घर्षणामुळे तो समदाब रेषांना थोडा तिरका, १०-१५ अंश लो कडे वळलेला वाहतो. म्हणून रेषा २५० वरून आल्या तरी डेकवरचा वारा २३५ च्या आसपास, म्हणजे नैऋत्येचा. बाइज बॅलटचा नियम तुला येतोच : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलास की कमी दाब डाव्या हाताला. प्रत्येक बाणानंतर हा नियम लावून बघ. परीक्षेत निम्म्या चुका वाऱ्याची दिशा उलटी लिहिल्याने होतात.

आता कोण किती वेगाने सरकतं ते बघ. कोल्ड फ्रंट मागच्या थंड, जड हवेने ढकलला जातो, म्हणून पट्टीच्या दिशेने त्याला जवळजवळ पूर्ण वेग द्यायचा, ३३ नॉट. वॉर्म फ्रंटला पुढची थंड हवा बाजूला सारत जायचं असतं. हलकी हवा जड हवेला ढकलू शकत नाही, ती तिच्या पाठीवर चढत राहते, म्हणून त्याला दोन-तृतीयांश, म्हणजे २२ नॉट. लो च्या केंद्राला साधारण चार-पंचमांश, २६ नॉट. २४ तासांत केंद्र सव्वासहाशे मैल जाईल आणि ०७० दिशेने गेलं तर उद्या सकाळी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळ, ५८ अंशांच्या थोडं वर, २ पश्चिमच्या आसपास असेल. चार्टवर पेन्सिलने तिथे फुली मार.

पट्टीच्या कडेने ब पासून वॉर्म फ्रंटपर्यंत ३०० मैल निघतात, कोल्ड फ्रंटपर्यंत ७००. तीनशे भागिले बावीस म्हणजे साडेतेरा तास, ०६०० मध्ये मिळवले की १९३०. सातशे भागिले तेहेतीस म्हणजे एकवीस तास, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे ०३००. हे दोन आकडे ठरले की बाकीची गोष्ट त्यांच्याभोवती गुंफायची.

पण वॉर्म फ्रंट १९३० ला येतो म्हणजे पाऊस १९३० ला येतो, असं समजू नकोस. वॉर्म फ्रंट चार्टवर रेघ दिसतो, प्रत्यक्षात तो उतार असतो, आणि उतार फार सपाट असतो, साधारण दीडशेला एक. तुझ्यापासून रेघ ३०० मैल, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटर लांब आहे. त्याला १५० ने भाग, ३.७ किलोमीटर आले. म्हणजे सकाळी सहालाच ब च्या डोक्यावर पावणेचार किलोमीटर उंचीवर उबदार हवा पोचलेली आहे. ही मधल्या ढगांची उंची. आकाश राखाडी अल्टोस्ट्रेटसने झाकत आलेलं असेल आणि सूर्य घासलेल्या काचेतून दिसतो तसा दिसेल. हाच हिशेब मागे नेलास तर आदल्या संध्याकाळी फ्रंट सहाशे मैलांच्या आसपास असताना उबदार हवा सात किलोमीटरवर होती. तेव्हा पिसांसारखे सिरस ढग आले असतील, आणि रात्री चंद्राला खळं पडलं असेल. आपल्याकडे खळं पडलं की 'पाऊस लांब की जवळ' अशी चर्चा होते. अटलांटिकवर वॉर्म फ्रंट येत असताना ते खळं म्हणजे घड्याळच असतं.

पाऊस साधारण फ्रंट दीडशे-दोनशे मैलांवर आला की सुरू होतो. तीनशेतून दोनशे गेले, शंभर मैलांना साडेचार तास, म्हणजे १०३०. दीडशे धरले तर १३००. म्हणून उत्तरात लिही : दुपारच्या सुमारास हलका, संततधार पाऊस सुरू, संध्याकाळपर्यंत वाढत जाणार, ढग खाली येत येत निंबोस्ट्रेटस, दृश्यमानता कमी होत जाणार. वारा सकाळी दक्षिणेचा असेल, दिवसभरात वाढेल आणि थोडा आग्नेयेकडे झुकेल. दाब सतत उतरेल. किती उतरेल तेही पट्टीवरच आहे. ब वर आत्ता १०१२ ची रेषा आहे, आणि पट्टीखाली वॉर्म फ्रंट जिथे येतो तिथे १००४ ची. म्हणजे साडेतेरा तासांत ८, दर तीन तासांना पावणेदोनच्या आसपास.

१९३० च्या सुमारास फ्रंट जातो. पाऊस थांबतो किंवा रिमझिमीवर येतो, वारा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळून नैऋत्येचा होतो, हवा एकदम ओलसर उबदार लागते आणि बॅरोमीटर उतरायचा थांबतो. हवा सुधारली असं नवख्याला वाटतं, कारण पाऊस गेलेला असतो. पण वॉर्म सेक्टरमध्ये समुद्राचं थंड पाणी आणि वरून दमट उबदार हवा, म्हणजे खालपर्यंत आलेला स्ट्रेटस, बारीक झिमझिम, कधी सरळ धुकं. सिलीच्या बाजूला जहाजांची गर्दी असते, आणि नेव्हिगेशनच्या दृष्टीने या साडेसात तासांना मी त्या दिवसातला सगळ्यात वाईट भाग म्हणेन. रडारवाल्याने डोळे उघडे ठेवायचे ते इथे.

पहाटे तीनच्या सुमारास कोल्ड फ्रंट. याचा उतार जास्त उभा, पन्नास ते पंचाहत्तरला एक, म्हणून पूर्वसूचना फार थोडी मिळते. अर्धा-एक तास जोराचा पाऊस, कधी स्क्वॉल, कधी गडगडाट, आणि त्यातच वारा नैऋत्येवरून वायव्येला उडी मारतो. वॉर्म फ्रंटला वारा वळतो, कोल्ड फ्रंटला उडी मारतो, हा फरक डेकवर अंगाला कळतो. आदल्या वाऱ्याने उठलेल्या लाटा नैऋत्येकडून येत असतात आणि नवा वारा त्यांना बाजूने मारतो, त्यामुळे समुद्र काही तास वेडावाकडा होतो. तापमान चार-पाच अंशांनी उतरतं, बॅरोमीटर झटक्यात वर जायला लागतो, आणि पाऊस सरला की क्षितिज सुरीने कापल्यासारखं स्वच्छ दिसतं.

तुझ्या चार्टवर कोल्ड फ्रंटच्या मागे रेषा जवळ आल्यात, ७५ मैलांवर. तीन हजार भागिले पंचाहत्तर, ४० नॉट. डेकवर ३० च्या आसपास, फोर्स ७. पण ही हवा खालून तापत असते, म्हणून उभे ढग होतात, सरी येतात, आणि प्रत्येक सरीबरोबर वरचा वारा खाली आपटतो. सरीत ४० चे झोत मिळतील. दाब चढतोय म्हणून वारा पडेल असं लिहू नकोस. दाब भराभर चढतो म्हणजे मागेही रेषा दाट आहेत.

बॅरोग्राफवर हे सगळं एका नजरेत दिसतं : लांब उतार, मग ओटा, मग छोटासा खड्डा आणि तिथून सरळ चढ. तुझ्या स्लाइडमध्ये तो आलेख असेल तर ब च्या उत्तराशेजारी काढ. परीक्षकाला लांबलचक वाक्यांपेक्षा ते आवडतं.

अ चं उत्तर आता सोपं आहे. अ फेरो बेटांपाशी, ६२ उत्तर, ७ पश्चिमला आहे. तीच पट्टी तिथे नेऊन मागे बघ, एकही फ्रंट पट्टीखाली येत नाही. लो चं केंद्र अ च्या दक्षिणेकडून जाणार. म्हणून तिथे वॉर्म सेक्टरची ऊब नाही, वाऱ्याची उडी नाही, आकाश उघडणं नाही. वारा उलट्या दिशेने हळूहळू फिरतो : आग्नेय, पूर्व, ईशान्य, शेवटी उत्तर. ढग दाट, मधले काही तास पाऊस, आणि थंडी वाढत जाते. ब ला वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरला आणि अ ला उलटा, या एका वाक्याला मी परीक्षक असतो तर भरघोस गुण दिले असते. पावसाच्या दिवशी चार्ट नसताना वारा कुठल्या बाजूने फिरतोय हे बघून लो आपल्या कुठल्या अंगाने जातोय ते सांगता येतं, ते याच्याच आधारावर.

क हाय च्या ईशान्येला आहे. रेषांमध्ये चार-चार अंशांचं अंतर, वायव्येचा दहाएक नॉट वारा, बॅरोमीटर स्थिर, फार तर थोडे पसरट ढग. तिथे पट्टी ठेवू नकोस, तिचा नियम लो साठी आहे. हाय आळशी असतो, २४ तासांत जागचा फारसा हलत नाही. दोन ओळी लिही आणि पुढे जा.

स्लाइडवर काम इथे संपतं. जहाजावर मात्र दोन गोष्टी अशा आहेत ज्या स्लाइड सांगत नाही, आणि दोन्हींत मी स्वतः तोंडघशी पडलोय.

थर्ड मेट होऊन मला वर्षही झालं नव्हतं. जून महिना, युरोपहून अमेरिकेकडे निघालेलं रिकामं जहाज, हवा छान, बोसनने पुढच्या डेकवर रंग काढला होता. अकरा वाजता फॅक्सवर चार्ट आला. मी ऐटीत डिव्हायडर लावला, अंतर भागिले वेग, आणि सांगितलं, पाऊस रात्री जेवणानंतर. दुपारी दोनलाच थेंब पडायला लागले आणि ओला रंग डेकवरून ओघळून समुद्रात गेला. दोन चुका होत्या. चार्ट आला अकराला, पण तो होता ०६०० चा. मी घड्याळ चार्ट हातात पडल्यापासून सुरू केलं, म्हणजे पाच तास आधीच गिळले. आणि मी जहाज उभं धरलं होतं. फ्रंट २० नॉटने पूर्वेकडे येत होता आणि आम्ही १३ ने पश्चिमेकडे, म्हणजे आम्ही ३३ ने एकमेकांवर चालून जात होतो. बोसन दापोलीकडचा होता. तो एवढंच म्हणाला, "साहेब, तुमच्या चार्टापेक्षा माझा गुडघा बरा."

तुझ्याच चार्टवर हे करून बघ. ब वर जहाज असेल आणि ते १४ नॉटने त्या पट्टीवरून पश्चिमेकडे निघालं तर वॉर्म फ्रंट साडेतेरा तासांऐवजी सुमारे आठ तासांतच भेटेल. तेच जहाज पूर्वेकडे पळालं तर दोघांच्या वेगातला फरक फक्त ८ नॉट, म्हणजे २४ तासांत फ्रंट पोचणारही नाही, ते जहाज त्याच राखाडी पावसाळी पट्ट्यात कंटाळत राहील. बॅरोमीटरचंही तसंच. पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजावर दाब भराभर उतरतो, त्यात लो खोल होण्याचा वाटा किती आणि आपल्या चालीचा किती हे वेगळं काढावं लागतं.

आता शेवटचा भाग : अंदाज फसतोय हे कसं कळणार? कारण वर मी सगळीकडे एक गृहीत धरलंय, की लो आहे तसाच राहून नुसता सरकेल. तसं क्वचितच होतं.

पहिली खूण बॅरोमीटरची. चार्टवर आपण ब साठी दर तीन तासांना पावणेदोन काढले, म्हणजे दुपारी बाराला साधारण १००८.५ दिसायला हवेत. दिसले १००५, तर लो खोल होतोय किंवा ठरल्यापेक्षा वेगाने येतोय. दोन्हीचा अर्थ फ्रंट आधी येणार आणि वारा जास्त असणार. ब्रिटिश शिपिंग फोरकास्टमध्ये तीन तासांत ६ पेक्षा जास्त उताराला 'व्हेरी रॅपिडली' म्हणतात. तो शब्द ऐकलास की आधीचा हिशेब फाडून टाक. उलट १२०० ला १०११ च दिसले तर फ्रंट रेंगाळलाय.

दुसरी खूण मला जास्त आवडते. वॉर्म सेक्टरमध्ये रेषा आपल्या प्रवासाला समांतर असतात, म्हणून तिथे दाब स्थिर राहायला हवा. वॉर्म फ्रंट गेला, ऊब आली, आणि तरीही बॅरोमीटर उतरतोच आहे, तर त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच : लो अजून खोल होतोय. कोल्ड फ्रंटमागचा वारा मग ३० वर थांबणार नाही.

तिसरं म्हणजे ऑक्लुजन. कोल्ड फ्रंट ३३ ने आणि वॉर्म २२ ने जातोय, म्हणजे मागचा पुढच्याला तासाला ११ मैलांनी गाठतोय. तुझ्या पट्टीवर दोघांत ४०० मैल आहेत, तिथे दीड दिवस लागेल. पण केंद्राजवळ ते आधीच जवळ असतात, तिथे गाठ लवकर पडते, जांभळी रेघ सुरू होते आणि उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते. एकदा केंद्र वॉर्म सेक्टरपासून तुटलं की पट्टीचा नियम त्याला लागू होत नाही. तो लो मंदावतो, बहुतेकदा आपल्या वाटेच्या डावीकडे वळतो आणि भरत जातो. चार्टवर आधीच लांब जांभळी रेघ असेल तर केंद्राचा वेग वॉर्म सेक्टरवरून काढू नकोस. मागच्या सहा आणि बारा तासांचे चार्ट घे, केंद्र कुठून कुठे आलं ते जोड आणि तीच रेघ थोडी आखूड करून पुढे वाढव.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट कोल्ड फ्रंटच्या शेपटीत असते. खाली नैऋत्येकडे हा फ्रंट समदाब रेषांना जवळजवळ समांतर होतो, तिथे त्याला ढकलणारा वारा उरत नाही आणि तो रेंगाळतो. त्या रेघेत कुठे पुढे आलेला फुगवटा दिसला, शेजारच्या रेषेला बारीक मुरड पडलेली दिसली, तर तिथे नवा लो जन्म घेतोय असं समज. असे धाकटे लो कधीकधी थोरल्यापेक्षा वाईट निघतात. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री दक्षिण इंग्लंडला झोडपणारं वादळ बिस्केच्या उपसागरावर असंच भराभर खोल झालं होतं. ब वर याची खूण अशी : कोल्ड फ्रंट गेला, वारा वायव्येला गेला, दाब चढू लागला, आणि दोन-चार तासांतच वारा परत नैऋत्येकडे, मग दक्षिणेकडे येऊ लागला आणि चढ थांबला. तेव्हा लॉगबुकात 'हवा सुधारत आहे' लिहायची घाई करायची नाही. ताजा चार्ट काढायचा, त्याच्या कोपऱ्यातली वेळ बघायची, आणि पट्टी परत पहिल्यापासून ठेवायची.